लॉगिन मिळण्याआधीच संपलेली परताव्याची मुदत : ३५,४०० रुपये परत मिळण्याबाबत

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५
नाशिक

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय : डेटा अ‍ॅनालिटिक्स कोर्स (जून बॅच) रद्द करून प्रमाणशीर परतावा मिळण्याबाबत.
संदर्भ : माझा २८ जुलैचा ईमेल आणि तुमचे ४ ऑगस्टचे उत्तर.

महोदय,

तुमच्या २४ आठवड्यांच्या कोर्ससाठी मी ५९,००० रुपये भरले. त्यात फी ५०,००० आणि जीएसटी ९,००० रुपये. ही रक्कम तुम्हीच सुचवलेल्या फायनान्स कंपनीच्या कर्जातून २ जून रोजी तुमच्याकडे जमा झाली. आठवड्याला तीन असे एकूण ७२ लाइव्ह तास, रात्री ८ वाजता, असे तुमच्या पानावर लिहिले होते. मी ऑफिसात हिशेब सांभाळते आणि साडेसहाला सुटते. रात्रीची वेळ पाहूनच मी ही बॅच निवडली होती.

२५ जुलैला ईमेल आला की पुढच्या आठवड्यापासून तास दुपारी ३ वाजता होतील आणि रात्रीच्या बॅचला रेकॉर्डिंग मिळेल. मी २८ जुलैला कोर्स रद्द करायला सांगितले. त्यावर तुम्ही दोन कारणे देऊन परतावा नाकारलात : सात दिवसांची मुदत उलटली आहे, आणि सर्व व्हिडिओ खुले झाल्यामुळे कोर्स 'शंभर टक्के वापरला' गेला आहे. दोन्ही कारणे मला मान्य नाहीत.

आधी मुदतीचे पाहू. तुमची मुदत पैसे जमा झाल्यापासून सात दिवसांची, म्हणजे ती ९ जूनला संपली. मला लॉगिन मिळाले १४ जूनला, शनिवारी संध्याकाळी, आणि पहिला तास झाला १६ जूनला. कोर्सचा एक व्हिडिओही उघडायच्या आधी माझी मुदत पाच दिवसांपूर्वीच संपलेली होती. अशी मुदत ग्राहकाला वापरताच येत नाही. घेतलेली गोष्ट हाताळून पाहता यावी, एवढ्यासाठीच तर मुदत असते. ती लॉगिन मिळाल्यापासून किंवा पहिल्या तासापासून मोजली तरच तिला अर्थ राहतो.

मुदतीची पद्धत मला अमान्य नाही. रेकॉर्ड केलेला कोर्स एका रात्रीत पाहून पैसे परत मागता येतील, ही विक्रेत्याची भीती खरी आहे. म्हणून बहुतेक ठिकाणी दिवसांच्या जोडीला वापराची अट असते. यूडेमीवर बहुतेक कोर्सना ३० दिवसांची मुदत आहे, पण कोर्सचा मोठा भाग पाहिला किंवा डाउनलोड केला असेल तर परतावा नाकारता येतो. अशा मुदतीत ग्राहक मन बदलले म्हणूनही परत फिरू शकतो. माझे प्रकरण वेगळे आहे. मी मन बदललेले नाही, विकलेली वेळ तुम्ही बदललीत. पुढच्या काळात द्यायची सेवाच बदलली तर सात दिवसांची अट आड येऊ शकत नाही.

आता 'शंभर टक्के वापर'. व्हिडिओ खुले होणे आणि ते पाहिलेले असणे यात फरक आहे. तुमच्याच डॅशबोर्डवर २१० पैकी ३८ व्हिडिओ पाहिल्याची नोंद आहे. तरीही हा वाद मी सोडून देते, कारण खुले झालेले व्हिडिओ परत घेता येत नाहीत हे मला समजते. पण तुम्ही तोच नियम लाइव्ह तासांनाही लावलात, हे मान्य होणार नाही. जो तास अजून घेतलाच गेलेला नाही, तो वापरला कसा जाईल?

प्रमाण तीन प्रकारे काढता येते : दिवसांवर, झालेल्या तासांवर किंवा खुल्या मजकुरावर. २८ जुलैपर्यंत २४ पैकी ६ आठवडे आणि ७२ पैकी १८ तास झाले होते. दिवस धरा की तास, पाव कोर्सच भरतो, आणि संपूर्ण रकमेला तेच प्रमाण लावले तर परतावा ४४,२५० रुपये होतो. मी एवढे मागत नाही. यात व्हिडिओंची किंमतही दिवसांवर विभागली जाते, आणि तुमच्या बाजूने ते बरोबर नाही.

तुम्ही फक्त रेकॉर्ड केलेले व्हिडिओ वेगळे विकता, करासह ११,८०० रुपयांना. म्हणजे त्या भागाची किंमत तुम्हीच ठरवलेली आहे. ती पूर्ण तुम्ही ठेवा. उरलेले ४७,२०० रुपये लाइव्ह तासांचे. त्यातला पाव भाग, ११,८०० रुपये, झालेल्या १८ तासांचा. त्यातल्या एका तासाला मी हजर नव्हते, पण तास झाला होता, म्हणून तोही मी धरला आहे. तुमच्याकडे राहतात २३,६०० रुपये आणि परत यायचे ३५,४०० रुपये. त्यात फी ३०,००० आणि जीएसटी ५,४०० रुपये आहे. फक्त फी परत करून कर ठेवून घेता येणार नाही. परताव्याबरोबर तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट काढावी, म्हणजे तुमच्या विवरणपत्रातही तो कर वजा करता येईल.

पैसे माझ्या खात्यात न देता थेट कर्जखात्यात भरावेत. मासिक हप्ता ५,९०० रुपयांचा, असे दहा हप्ते आहेत. जुलै आणि ऑगस्टचे दोन मी भरले, ४७,२०० बाकी आहेत. त्यात तुमचे ३५,४०० जमा झाले की ११,८०० उरतील, ते मी भरीन. मग माझे एकूण २३,६०० होतात आणि हिशेब जुळतो. कर्ज बंद झाल्याचे पत्र फायनान्स कंपनीकडून मिळवून द्यायची जबाबदारी तुमची, कारण करार तुमच्या सेल्सच्या माणसाने फोनवरून करून घेतला होता. तुमच्याशी वाद आहे म्हणून हप्ता थांबवला तर माझी कर्जाची नोंद बिघडेल, म्हणून मी हप्ते भरतच आहे. 'बिनव्याजी' हप्त्यांचे व्याज तुम्ही सोसले असेल, तर ते या रकमेतून कापू नये.

१५,००० रुपयांचे कूपन देण्याचा तुमचा प्रस्ताव मी नाकारते. सहा महिन्यांत तुमचाच दुसरा कोर्स घ्यायचा असेल तरच ते चालते.

कायद्याबद्दल थोडक्यात. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. पोच मला आठव्या दिवशी, थेट नकारासोबत मिळाली. महिना २८ ऑगस्टला पूर्ण होतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये सदोष सेवेचे पैसे परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंगविषयक मार्गदर्शक सूचनांत, मध्येच कोर्स सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी १० दिवसांत द्यावी असे म्हटले आहे. त्या राज्यांसाठी आहेत, तुमच्यावर थेट लागू होतात असा माझा दावा नाही. पण प्रमाणशीर परतावा ही माझ्या मनाची कल्पना नाही, एवढे त्यावरून दिसते.

२८ ऑगस्टपर्यंत रक्कम कर्जखात्यात जमा झाली नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार जिथे राहतो तिथे ती दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. मुंबईला यायची मला गरज नाही.

सोबत : २ जूनची पावती, १४ जूनचा लॉगिनचा ईमेल, २५ जुलैचा वेळ बदलल्याचा ईमेल, डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट, आणि मूळ वेळापत्रक असलेल्या तुमच्या पानाची १ जूनला घेतलेली प्रत.

आपली,
जून बॅचची विद्यार्थिनी