पिशवी रिकामी दिसली, तेव्हा

प्रिय सुहास,

वहिनींच्या शेवटच्या पाळीला सव्वासहा आठवडे झाले, लघवीची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि आता उजवीकडे ओटीपोटात दुखून तपकिरी डाग दिसतायत, असं तू लिहिलंस. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत पिशवी रिकामी दिसली, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा बघायचं ठरवलंत. सुहास, एवढं थांबू नका.

असं दुखणं पुष्कळदा साधं असतं. ज्या अंडाशयातून बीज सुटलं तिथल्या गाठीनेही एका बाजूला दुखतं. पण शंभरात एक-दोन गरोदरपणांत गर्भ पिशवीबाहेर, बहुतेक वेळा बीजवाहक नळीत, रुजतो. नळी पिशवीसारखी ताणत नाही. गर्भ तिच्या भिंतीत शिरत जातो आणि नळी फुटली की रक्त पोटात साचतं. ते बाहेर दिसत नाही, त्यामुळे डाग थोडेच आहेत यावर अजिबात विसंबू नका.

उद्याच चिपळूणला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत साधारण साडेपाच आठवड्यांना पिशवीतला गर्भकोष दिसायला हवा. तारखा चुकलेल्या असू शकतात, म्हणून रक्तातलं बीटा एचसीजी हे गरोदरपणाचं संप्रेरक तपासतात आणि 48 तासांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा. समज, आधी 1000 आलं. नीट वाढणाऱ्या गर्भात दोन दिवसांनी ते निदान 1490च्या आसपास जायला हवं, बहुधा त्याहून बरंच जास्त. 1200च आलं, तर गर्भ नीट वाढत नाही. तो पिशवीत आहे की नळीत, ते मात्र आकडा सांगत नाही. छान वाढलं म्हणूनही निर्धास्त होता येत नाही, आणि आकडा लहान असतानाही नळी फुटते. गर्भ पिशवीत प्रत्यक्ष दिसेपर्यंत, किंवा आकडा शून्याला टेकेपर्यंत, तपासण्या सोडायच्या नाहीत.

मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणून देऊ नका. नळीतल्या गर्भावर त्या चालत नाहीत. वर रक्तस्राव झाला की सगळं निभावलं असं वाटतं. वहिनींचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही डॉक्टरांना आठवणीने सांग, अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं. नळीतला गर्भ लवकर सापडला, लहान असला आणि नळी फुटलेली नसली, तर मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनवर भागू शकतं. नाहीतर दुर्बिणीची शस्त्रक्रिया.

आज रात्रीचं मात्र नीट लक्षात ठेव. चक्कर, घेरी, एकदम वाढलेली कळ, थंड घाम, किंवा आडवं झाल्यावर खांद्याच्या टोकाशी दुखणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. पोटातलं रक्त श्वासपटलाला लागलं की खांदा दुखतो. लोक त्याला वाताचं दुखणं समजून तेल चोळत बसतात. लगेच 108 ला फोन कर आणि पहिल्याच वाक्यात सांग, ‘दिवस गेलेत, पोटात रक्तस्राव असू शकतो.’ खायला-प्यायला काही देऊ नकोस, भूल द्यावी लागेल. शस्त्रक्रिया आणि रक्त दोन्हींची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यायला सांग. गुहागरहून चिपळूणचा रस्ता पावसात किती वेळ खातो, तुला माहीत आहेच.

सोनोग्राफीचा कागद आणि पाळीची तारीख सोबत घे. पहिला आकडा आला की मला फोन कर, कितीही वाजले तरी.

तुझा,
अनिल