क्षेत्रफळाच्या प्रमाणात माणसे वाटताना

सन्माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हद्दवाढीनंतर गावांचे काही भाग शहराच्या प्रभागांत आले, त्या प्रभागांची २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या किती, हे दाखवणारे कोष्टक आपल्या अंकात प्रसिद्ध झाले आहे. ‘ज्या गावांचा काही भागच प्रभागात येतो, त्यांची लोकसंख्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात विभागली आहे,’ अशी टीप कोष्टकाखाली आवर्जून दिली, याबद्दल प्रथम आभार मानतो. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून सातारा जिल्ह्यातच नोकरी केली आणि गावांचे नकाशे व आकारबंद हाताळण्यात माझे आयुष्य गेले. त्या अनुभवावरून मला वाटते की, त्या एका ओळीत जे गृहीत धरले गेले आहे, ते आपल्या वाचकांसमोर उलगडून मांडणे गरजेचे आहे.

ही रीत समजायला सोपी आहे. गावाच्या हद्दीचा नकाशा घ्यायचा, त्यावर नव्या प्रभागाची रेषा ठेवायची, रेषेच्या आत गावाचे किती हेक्टर क्षेत्र आले ते मोजायचे, त्याला गावाच्या एकूण क्षेत्राने भागायचे आणि आलेल्या अपूर्णांकाने गावाची लोकसंख्या गुणायची. संपूर्ण गाव एकाच प्रभागात असेल तर हा अपूर्णांक १ येतो आणि चूक उद्भवतच नाही. चुकीला वाव असतो तो फक्त तुटलेल्या गावांत. तिथे ही रीत असे मानून चालते की, गावच्या माणसांचा मुक्काम शिवारात सर्वत्र सारख्याच दाटीने आहे. आपल्याकडचे कोणते गाव असे असते?

एक कल्पित उदाहरण घेऊ. त्यातील आकडे हिशेबाच्या सोयीचे असले, तरी गावाची ठेवण शहरालगतच्या अनेक गावांसारखी आहे. गावाचे क्षेत्र १,२०० हेक्टर आणि लोकसंख्या ४,८००. रस्त्याकडेचा ३०० हेक्टरचा पट्टा शहरात गेला. गावठाण आणि त्याला लागून झालेल्या वसाहती याच पट्ट्यात आहेत. बाहेर राहिलेल्या ९०० हेक्टरांपैकी ५०० हेक्टर डोंगर व वन आहे. उरलेल्या ४०० हेक्टरांत शेती आणि दोन-तीन वस्त्या आहेत. क्षेत्रफळाच्या हिशेबाने शहरात गेलेला भाग एक चतुर्थांश, म्हणून त्याच्या वाट्याला १,२०० माणसे आणि बाहेरच्या भागाला ३,६००. आता ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना ८, उघडून पाहावी. समजा तीत ९६० घरे आहेत आणि त्यांतील केवळ १२० घरे रेषेबाहेरच्या वस्त्यांवर आहेत. घरांच्या प्रमाणात लोकसंख्या वाटली तर बाहेर ६०० माणसे राहतात आणि शहरात ४,२०० येतात. म्हणजे पहिल्या हिशेबाने तीन हजार माणसे गावठाणातून उचलून डोंगरउतारावर नेऊन ठेवली.

ही चूक सहजी लक्षात येत नाही, कारण बेरीज नेहमी जुळते. १,२०० अधिक ३,६०० म्हणजे ४,८००. कोष्टकाची तळची ओळ जनगणनेच्या आकड्याशी तंतोतंत मिळते आणि पडताळणी झाली असे समजून आपण पुढे जातो. या रीतीत वाटणी कशीही झाली तरी बेरीज जुळणारच, कारण एकाच संख्येचे तुकडे केलेले असतात. पाहायला हवी ती घनता. दोन्ही तुकड्यांची लोकसंख्या आपापल्या क्षेत्राने भागली तर दोन्हीकडे हेक्टरी बरोबर ४ माणसे येतात. गावठाणाच्या बाजूला ४ आणि डोंगराच्या बाजूलाही ४, असे दिसले की तो आकडा मोजणीतून नव्हे, केवळ भागाकारातून आला आहे हे ओळखावे.

सुधारणेची पहिली पायरी म्हणजे जिथे कोणी राहत नाही ते क्षेत्र हिशेबातून वगळणे. वन, डोंगर, तलाव, नदीपात्र आणि गायरान यांची नोंद गावच्या दप्तरात असते, त्यामुळे हे काम अवघड नाही. वरच्या उदाहरणात ५०० हेक्टर वन व डोंगर वगळला तर ७०० हेक्टर उरतात, त्यांपैकी ३०० शहरात येतात आणि लोकसंख्या सुमारे २,०६० होते. १,२०० पेक्षा हा आकडा बरा आहे, तरी ४,२०० पासून अजून फार दूर आहे, कारण उरलेल्या जमिनीतही ऊस आणि माणूस एका दाटीने उभे नसतात. गावठाणाच्या चार-दोन हेक्टरांत शेकडो माणसे राहतात आणि शेजारच्या तितक्याच रानात एखादे खोपट असते. माण-खटावकडे जिथे वस्त्या शिवारभर पांगलेल्या आहेत, तिथे क्षेत्रफळाची वाटणी तुलनेने कमी चुकेल. जिथे दाट गावठाण आहे तिथे अधिक.

म्हणून मी घरांच्या मोजणीवर भर देतो, पण तीही डोळे झाकून वापरता येत नाही. पहिली अडचण बंद घरांची. जावळी-पाटणकडच्या गावांत घरे उभी आहेत, घरपट्टी भरली जाते, मात्र कुलूप असते, कारण घरची माणसे मुंबईला आहेत. समजा आपल्या उदाहरणातील ९६० पैकी १६० घरे बंद आहेत आणि त्यांपैकी १० बाहेरच्या वस्त्यांवरची आहेत. मग राहती घरे ८०० आणि त्यांतील बाहेरची ११०. बाहेरची लोकसंख्या ६०० ऐवजी ६६० येते. फरक साठ माणसांचा पडतो. तो आहे, पण तीन हजारांच्या चुकीपुढे त्याचे प्रमाण ध्यानात घ्यावे.

दुसरी अडचण अधिक घातक आहे आणि नेमकी ती हद्दवाढीच्या गावांना लागू पडते. लोकसंख्या २०११ ची आणि घरे मात्र आजची, असा मेळ घातला जातो. शहराकडच्या पट्ट्यात त्यानंतर प्लॉट पडून ५९० नवी घरे झाली आणि बाहेर १० झाली, असे समजू. आता १,५६० घरांत १३० बाहेरची ठरतात आणि त्यांना ४०० माणसे मिळतात. २०११ साली जी घरे नव्हतीच त्यांत आपण २०११ ची माणसे बसवली आणि वस्त्यांवरची दोनशे माणसे नकळत कमी केली. उपग्रहाच्या ताज्या चित्रावरून छपरे मोजणारे नेमकी हीच चूक करतात. २०११ च्या लोकसंख्येसाठी त्याच सुमाराची आकारणी नोंदवही शोधली पाहिजे. ग्रामपंचायत शहरात विलीन झाली असेल तर ते जुने दप्तर नगरपालिकेकडे मागावे लागेल. खटपट आहे, पण ती टाळता येत नाही.

याहून चांगला आधार प्रगणक गटांचा आहे. जनगणनेत प्रत्येक प्रगणकाला साधारण ६५० ते ८०० लोकवस्तीचा भाग दिलेला असतो आणि त्याचा नजरी नकाशा असतो. ४,८०० लोकसंख्येच्या गावात असे सहा-सात गट निघतात. नवी रेषा या गटांच्या कडेने गेली असेल तर वाटणी करण्याची गरजच राहत नाही; मोजलेली माणसे जशीच्या तशी बेरजेत घेता येतात. प्रभाग रचनेचे काम या गटांच्याच आधाराने चालते. म्हणून कोष्टक करताना आधी प्रगणक गटांचा तपशील मिळतो का हे पाहावे आणि तो न मिळालेल्या गावांपुरतीच अन्य रीत वापरावी, असे मला वाटते. रेषा गटाच्या मधून जात असली तरी चूक त्या एका गटाच्या सातशे-आठशे माणसांच्या आत राहते. संपूर्ण गाव पणाला लागत नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी लेखणी हाती घेतली त्याकडे येतो. आपल्या कोष्टकात अनुसूचित जातींच्या लोकसंख्येचाही रकाना आहे आणि तोही क्षेत्रफळानेच विभागलेला दिसतो. वरच्या गावात अनुसूचित जातींची ६०० माणसे आहेत, म्हणजे साडेबारा टक्के, असे धरू. क्षेत्रफळाच्या वाटणीत शहरात १५० आणि बाहेर ४५० जातात, आणि दोन्ही तुकड्यांत टक्केवारी साडेबाराच राहते. ही रीत एका गावाच्या दोन तुकड्यांत वेगळी टक्केवारी कधी देऊच शकत नाही. प्रत्यक्षात ही वस्ती पिढ्यान्पिढ्या गावठाणाच्या एका अंगाला एकवटलेली असते. ती सगळी शहराच्या बाजूला असेल तर प्रभागात ६०० माणसे यायला हवीत. कागदावर त्यांची १५० होतात. आरक्षण ठरवताना प्रभागातील अनुसूचित जातींचे प्रमाण पाहिले जाते. अशा वेळी कोष्टकावरून आपल्या प्रभागाचा अंदाज बांधणाऱ्या, हरकत घ्यायची की नाही हे ठरवणाऱ्या माणसाची यात घोर दिशाभूल होते. या रकान्यासाठी घरांची नोंदवहीही पुरेशी नाही. प्रगणक गटांचा आकडा मिळत नसेल तर रकाना कोरा ठेवणे अधिक प्रामाणिक ठरेल.

ही रीत आपल्या भागात किती चुकते हे घरबसल्या तपासताही येते. जिल्हा जनगणना पुस्तिकेत प्रत्येक गावाचे क्षेत्र आणि लोकसंख्या दिलेली असते. लगतची पाच गावे घ्यावीत, त्यांची लोकसंख्या एकत्र करावी आणि गावनिहाय आकडे ठाऊकच नाहीत असे मानून ती क्षेत्रफळाने पुन्हा पाच गावांत वाटावी. मग आलेले आकडे खऱ्या आकड्यांशेजारी मांडावेत. डोंगराकडच्या मोठ्या शिवाराच्या गावाला किती माणसे फुकट मिळाली आणि रस्त्याकडच्या लहान पण दाट गावाची किती गेली, हे समोर दिसेल. गावाच्या आतला फरक गावागावांतील फरकापेक्षा बहुधा मोठाच असतो, कारण गावठाण आणि रान यांच्या दाटीतली तफावत दोन गावांच्या सरासरीत झाकली जाते. म्हणून या तपासणीत आलेली चूक ही किमान चूक समजावी.

एक लहानशी नोंद नकाशांबद्दल. गावाची हद्द एका नकाशावरून आणि प्रभागाची दुसऱ्यावरून घेतली की रेषा क्वचितच नेमक्या जुळतात आणि कडेला चिंचोळ्या पट्ट्या उरतात. वरच्या गावात अशी १२ हेक्टरची पट्टी शेजारच्या प्रभागात गेली तर ४८ माणसे तिकडे जातात. अख्खे गाव ज्या प्रभागात आहे असे आपल्याला पक्के माहीत असते, त्याची काही माणसे भलत्याच प्रभागात दिसली तर त्याचे कारण बहुधा हेच असते. गावाच्या क्षेत्राच्या एक-दोन टक्क्यांहून लहान पट्ट्या आधी डोळ्यांखालून घालाव्यात आणि नकाशातील चूक आढळली तर मूळ प्रभागात मिळवून टाकाव्यात.

माझी विनंती अशी आहे की, सुधारित कोष्टकात प्रत्येक प्रभागापुढे दोन रकाने वाढवावेत. एका रकान्यात अखंड गावांतून किंवा प्रगणक गटांतून आलेली, म्हणजे मोजलेली लोकसंख्या असावी आणि दुसऱ्यात तुटलेल्या गावांतून वाटून आलेली. ज्या प्रभागात दुसरा आकडा एकूण संख्येच्या एक दशांशाहून अधिक असेल, तिथे एकच संख्या न छापता क्षेत्रफळाने येणारी आणि घरांच्या मोजणीने येणारी अशा दोन्ही संख्या छापाव्यात. तुटलेल्या गावांपैकी ज्यांचे जुने गावनकाशे मला वाचता येतात, त्यांच्या गावठाणाच्या सीमा आखून देण्याचे काम मी विनामोबदला करीन. आपल्या प्रतिनिधीने नकाशे घेऊन कधीही यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूकरमापक, सातारा