पारशी प्रार्थना सूर्याला उद्देशून नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पारशी नववर्षानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यात ‘पारशी लोक सूर्याला आणि अग्नीला उद्देशून आपला पवित्र मंत्र म्हणतात’ असे वाक्य आहे. ते दुरुस्त व्हायला हवे.

हा मंत्र म्हणजे ‘अहुनवर’. पहिल्या शब्दांवरून त्याला ‘यथा अहू वैर्यो’ म्हणतात. अवेस्ती भाषेतील तीन ओळी, परंपरेने मोजलेले 21 शब्द. त्यांत सूर्य नाही, अग्नी नाही, प्रकाशही नाही. अर्थावर विद्वानांचे एकमत नाही, पण साधारण आशय असा : इहलोकीचा स्वामी जसा निवडण्याजोगा, तसाच धर्माचा मार्गदर्शकही, आणि ही निवड ‘अशा’नुसार, म्हणजे सत्य व सुव्यवस्थेनुसार व्हावी, सद्विचारातून घडलेली कर्मे मज्दाला, म्हणजे पारशांचा देव अहुरा मज्दा याला अर्पण, आणि गरिबांचा पालक म्हणून ज्याची नेमणूक झाली, त्याच्यामुळे सत्ता अहुराची. तीन ओळींच्या मंत्रात शेवटी गरीब यावेत, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे याची तुलना हटकून गायत्रीशी होते. पण गायत्री सवित्याला उद्देशून आहे, हा मंत्र तसा नाही.

मग प्रार्थना करताना तोंड उजेडाकडे का? ‘यस्न’ या पारशी धर्मग्रंथाच्या 36व्या अध्यायात त्याचे उत्तर आहे. तिथे अहुरा मज्दाला म्हटले आहे की, उंचांहून उंच असलेला हा प्रकाश, ज्याला सूर्य म्हणतात, तो तुझ्या रूपांतले सर्वांत सुंदर रूप. म्हणजे समोर सूर्य असला, तरी बोलणे अहुरा मज्दाशीच. शिवाय अंधार हे अंग्र मैन्यूचे, म्हणजे दुष्ट शक्तीचे क्षेत्र आणि उत्तर ही त्याची दिशा, म्हणून उत्तरेकडे तोंड करत नाहीत. ‘बुंदहिश्न’ या जुन्या पारशी ग्रंथातली कथा सांगते की, अहुरा मज्दाने हा मंत्र म्हणताच तो दुष्ट 3000 वर्षे मूर्च्छित पडला.

कस्ती बांधताना हे नेमके दिसते. कस्ती म्हणजे 72 लोकरी धाग्यांची विणलेली दोरी, सदऱ्यावरून कमरेभोवती तीन वेढे घेणारी. सकाळी पूर्वेकडे, दुपारनंतर पश्चिमेकडे आणि रात्री दिव्याकडे किंवा चंद्राकडे तोंड करून ती बांधतात. पुढच्या गाठी ‘यथा अहू वैर्यो’ म्हणत मारायच्या, आणि त्यातला ‘श्यओथननाम्’, म्हणजे ‘कर्मांचा’, हा शब्द तोंडी येतो तेव्हा हात गाठ घालत असतो. मागची गाठ ‘अशेम वोहू’ या दुसऱ्या छोट्या प्रार्थनेने. चर्चगेटजवळच्या, 1725 साली खोदलेल्या भिका बेहराम विहिरीपाशी तेलाचे दिवे तेवत असतात. आत फक्त पारशांनाच प्रवेश असल्याने तिथल्या दिव्यांनाच देव समजण्याचा घोटाळा बाहेरच्यांकडून सहज होतो.

पुढच्या पतेतीला या तीन ओळी अर्थासह छापाव्यात, ही विनंती.

– एक वाचक, दादर, मुंबई