आवारातली गाडी आणि लायसन्स: नोटीस बोर्डावरच्या एका वाक्याबद्दल

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, ठाणे

विषय: आवारातल्या रस्त्यावर लायसन्सशिवाय गाडी चालवण्याबाबत लावलेली सूचना मागे घेणेबाबत

महोदय,

मागच्या सोमवारी लिफ्टच्या शेजारच्या बोर्डावर एक सूचना लागली. तिच्यातलं तिसरं वाक्य असं आहे: ‘संस्थेचे आवार खासगी मालमत्ता असल्याने येथे आरटीओचे नियम लागू नाहीत, तथापि पालकांनी काळजी घ्यावी.’ ही सूचना का लावावी लागली हे आपल्या तिन्ही विंगना ठाऊक आहे. दोन आठवड्यांपूर्वी सकाळी पावणेआठला आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी मागच्या गेटने आत येत होत्या. ए विंगच्या वळणावर पंधरा वर्षांच्या एका मुलाने त्यांना स्कूटरची धडक दिली. मावशींचं उजवं मनगट मोडलं. डबा उघडून सांडलेली भाजी दुपारपर्यंत तिथेच पडून होती. मुलाच्या वडिलांशी माझं भांडण नाही, दवाखान्याचं बिल त्यांनी त्याच दिवशी भरलं. पण ‘पोरगं गेटच्या बाहेर जातच नाही हो, आतल्या आत फिरतं,’ असं ते म्हणाले, आणि कमिटीने तेच वाक्य जरा सरकारी भाषेत बोर्डावर चढवलं. माझी तक्रार त्या वाक्याबद्दल आहे.

जमीन संस्थेची आहे हे खरंच. पण मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये जमिनीच्या मालकाची चौकशीच नाही. लायसन्स मागणारं कलम ३ आणि वयाची अट घालणारं कलम ४, दोन्ही ‘सार्वजनिक ठिकाणी’ गाडी चालवण्याबद्दल बोलतात. हे सार्वजनिक ठिकाण म्हणजे काय, ते कलम २ च्या ३४ व्या पोटकलमात सांगितलं आहे: रस्ता, गल्ली, वाट किंवा दुसरी कुठलीही जागा, तिथून आरपार जाता येवो वा न येवो, जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे. सातबारा किंवा कन्व्हेयन्स कोणाच्या नावावर आहे याचा त्यात उल्लेख नाही. तेव्हा वाद फक्त एवढाच उरतो की आपल्या गेटमधून आत येणारे ‘लोक’ होतात की नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने याच व्याख्येवर एक निकाल दिलेला आहे. एआयआर या निकालांच्या संग्रहात, १९८८ च्या अंकात, तो छापलेला आहे. त्याचा मथितार्थ असा की खासगी मालकीची जागा असली तरी लोकांची तिथे ये-जा असेल तर ती सार्वजनिक जागा धरायची, मग ती ये-जा मोकळी असो नाही तर कोणत्याही तऱ्हेने नियंत्रित केलेली असो. पुढे केरळच्या पूर्णपीठानेही हाच अर्थ घेतला. ‘नियंत्रित’ हा शब्द आपल्याला थेट लागू पडतो. ‘आपल्याकडे वॉचमन आहे, रजिस्टर आहे, घरकामाच्या बायकांना पास आहेत,’ हा आपल्या सेक्रेटरीसाहेबांचा मुद्दा त्या एका शब्दात संपतो.

मी गेल्या शनिवारी वॉचमनच्या परवानगीने पुढच्या गेटचं रजिस्टर चाळलं. सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात सत्तेचाळीस नोंदी होत्या. त्यात कुरिअरवाले, गॅसवाला, तळमजल्यावरच्या डॉक्टरांचे पेशंट आणि बी विंगमधल्या क्लासची मुलं सोडायला आलेले पालक होते. मागच्या गेटला तर रजिस्टरच नाही. पलीकडच्या चाळीतली माणसं बसस्टॉपला जायला सर्रास आपल्या आवारातून जातात आणि आपण कधी हटकत नाही. (हटकावं असं माझं म्हणणंही नाही, पावसाळ्यात त्यांची ती एकच कोरडी वाट असते.) एवढी वर्दळ असलेल्या रस्त्याला कोर्टात खासगी म्हणून दाखवताना आपल्या वकिलाला घाम फुटेल.

दुसरी बाजूही सांगतो, नाही तर ‘सोयीचं तेवढं वाचलं’ असं कोणी म्हणेल. पूर्णपीठाचा तो निकाल १९३९ च्या जुन्या कायद्याखालचा आहे आणि विम्याच्या प्रकरणापुरता आहे. फौजदारी खटल्यात आरोपीचा वकील हा फरक काढणारच. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या आतल्या यार्डाबद्दल उलटा निर्णय दिला. त्या यार्डाला चारी बाजूंनी भिंत आहे, फाटकावर सीआयएसएफचा पहारा आहे आणि बाहेरच्या कोणाला आत जाण्याचा हक्क नाही. म्हणून ती जागा सार्वजनिक नाही आणि तिथेच फिरणाऱ्या गाड्यांवर आंध्रच्या कायद्याखाली रस्ताकर लागत नाही, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे कुंपणाच्या आतल्या सगळ्याच जागा सार्वजनिक असं समीकरण नाही. कोण आत येतं, कशासाठी येतं, त्याला अडवतात की नाही, यावर ते ठरतं. माझ्या मते आपलं पोडियमखालचं पार्किंग, जिथे शटर आहे आणि फक्त स्टिकरची गाडी उतरते, ते त्या यार्डाच्या जवळचं आहे. दोन गेटांमधला रस्ता मात्र नाही. कमिटीने दोन्ही एकाच वाक्यात गुंडाळले.

आता घटकाभर धरून चालू की सगळं आवार खासगी आहे. तरी मुलगा आणि त्याचे वडील सुटतात का?

याच कायद्यातलं बेदरकार गाडी चालवण्याचं कलम १८४ पाहा. त्यात ‘सार्वजनिक ठिकाणी’ ही अट घातलेलीच नाही. लोकांना धोका होईल अशा वेगाने किंवा रीतीने चालवली का एवढं ते विचारतं, आणि जागा कशी होती, वर्दळ किती असणं अपेक्षित होतं हे लक्षात घ्यायला सांगतं. पावणेआठला कामवाल्या बायका, शाळेच्या व्हॅनकडे पळणारी मुलं आणि दूधवाले तिथे असणार, हे आवारातल्या पोरालाच सगळ्यात जास्त माहीत. दारू पिऊन चालवण्याच्या कलम १८५ मध्येही ती अट नाही. एकतीस डिसेंबरच्या रात्री आवारात काय चालतं ते आपण जाणता. रजिस्ट्रेशनच्या कलम ३९ मध्ये तर ‘सार्वजनिक किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ असेच शब्द आहेत. म्हणजे बिननंबरची जुनी गाडी ‘आतल्या आत’ फिरवणाऱ्यालाही सवलत नाही.

मग भारतीय न्याय संहिता येते. तिचं कलम २८१ सार्वजनिक मार्गावरच्या बेफिकीर चालवण्याबद्दल आहे, तिथे वकील पुन्हा जागेचा वाद घालू शकेल. पण निष्काळजीपणाने दुखापत झाली तर कलम १२५ आणि मृत्यू झाला तर कलम १०६ लागतं, आणि या दोन्हींना जागेशी काही घेणंदेणं नाही. गच्चीवरून कुंडी पडून कोणी जखमी झालं तर कुंडी खासगी गच्चीवरची होती असा बचाव चालत नाही, तसंच हे. मनगटाचं हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत आहे. मुलगा अल्पवयीन असल्याने त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. वडिलांसाठी मात्र मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९अ आलं आहे. अल्पवयीनाने या कायद्याखालचा गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हे वडिलांनीच सिद्ध करायचं, कारण मुलाने गाडी वापरली ती त्यांच्या संमतीने, असं कोर्ट गृहीत धरून चालतं. ‘आतल्या आत फिरतं’ असं चार माणसांसमोर म्हटल्यावर ते कसं सिद्ध करणार? सोळाव्या वर्षी स्कूटर चालते असंही कोणीतरी ग्रुपवर टाकलं होतं. ती मुभा पन्नास सीसीपर्यंतच्या इंजिनाला आहे. ही स्कूटर एकशेदहा सीसीची आणि मुलगा पंधराचा.

पण सगळ्यात अडचणीचा भाग विम्याचा आहे आणि तो कमिटीने विचारातच घेतलेला नाही. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा सक्तीचा विमा कलम १४६ आणि १४७ मध्ये येतो, आणि तोही सार्वजनिक ठिकाणापुरता सांगितलेला आहे. उद्या मावशींनी भरपाईचा दावा लावला आणि जागा सार्वजनिक ठरली, तर लायसन्स नसतानाही विमा कंपनीला आधी पैसे भरून नंतर ते मालकाकडून वसूल करायला सांगता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तो मार्ग दाखवून ठेवला आहे. निदान मावशींच्या हातात वेळेवर पैसे पडतात. पण जागा खासगी ठरली, तर सक्तीचा विमा इथे लागूच होत नाही असं कंपनी म्हणू शकते. मग सगळी भरपाई पहिल्या रुपयापासून वडिलांच्या खिशातून. म्हणजे ‘आवार खासगी आहे’ हे वाक्य ज्यांना वाचवायला लिहिलं, त्यांच्याच अंगावर येणार. आणि विमा कंपनीच्या वकिलाला आपल्या लेटरहेडवरची, अध्यक्षांच्या सहीची ती सूचना मिळाली तर त्याला वेगळा पुरावा शोधावा लागणार नाही. उद्या आवारात आणखी कोणाला धडक बसली, तर त्याच्या वकिलालाही ती तेवढीच उपयोगी आहे. संस्थेला धोका माहीत होता, ‘काळजी घ्यावी’ असं लिहिलंही होतं, तरी गाडी फिरू दिली, असं ते म्हणतील आणि आपल्यालाही प्रतिवादी करतील.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत. तिसरं वाक्य काढावं आणि त्या जागी लायसन्स नसलेल्याने व अल्पवयीनाने आवारातल्या रस्त्यावर दुचाकी-चारचाकी चालवू नये असं स्पष्ट लिहावं. तसं कोणी दिसलं तर वॉचमनने चावी काढून घेण्याच्या फंदात पडू नये, त्याला तो अधिकार नाही. त्याने फ्लॅट नंबर, गाडीचा नंबर आणि वेळ लिहून कमिटीला कळवावं. दंड कमिटीने परस्पर ठरवू नये. उपविधीप्रमाणे सर्वसाधारण सभेत ठराव करून, सभासदाचं म्हणणं ऐकूनच तो लावता येईल. ‘वेग १०’ हा बोर्ड ठेवावा. त्या आकड्यामागे कायद्याचा जोर नाही, पण कोणी जोरात चालवली का हे ठरवताना पोलीस आणि कोर्ट त्याच्याकडे बघतील. गाडी शिकणाऱ्या मोठ्यांनी शिकाऊ लायसन्स, एलची पाटी आणि शेजारी लायसन्सवाला माणूस एवढं आवारातही पाळावं. यात माझी मुलगीही आली.

आणि अपघात झाला तर ‘आपसात मिटवू’ म्हणून पोलिसांना न कळवण्याची जी आपली पद्धत आहे ती थांबवावी. कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात नेणं आणि पोलिसांना कळवणं ही चालवणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि त्या कलमातही जागेची अट नाही. मावशींच्या बाबतीत पहिलं झालं, दुसरं अजून झालेलं नाही. मी त्यांच्याबरोबर शुक्रवारी चौकीला जाणार आहे. मुलाच्या वडिलांनाही बरोबर चला म्हणून सांगितलं आहे, त्यांनी अजून काही उत्तर दिलेलं नाही.

रविवारच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्यावा. पूर्णपीठाचा निकाल आणि वर लिहिलेल्या कलमांची प्रिंट मी घेऊन येतो. त्या दिवशी मागच्या गेटलाही रजिस्टर ठेवायचं की नाही ते ठरवू, पण चाळीतल्या लोकांची वाट बंद करायचा ठराव कोणी आणला तर माझं मत विरोधात धरावं.

आपला,
सभासद, सी विंग, दुसरा मजला