मा. ऊर्जामंत्री, तीन महिन्यांचा पंखा एका महिन्यात कसा फिरतो?

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी राज्य परिवहनचा निवृत्त वाहक. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. घरात चार माणसं, एक फ्रिज, तीन पंखे, एक टीव्ही आणि पाणी चढवायची अर्ध्या एचपीची मोटर. एवढी ओळख पुरे, कारण तुमच्या खात्याच्या लेखी मी फक्त बारा आकडी ग्राहक क्रमांक आहे.

काल दुपारी वायरमन शिडी घेऊन दारात आला. पोरगा ओळखीचा, मान खाली घालून म्हणाला, "काका, यादीत नाव आहे." चौतीस वर्षं नोकरी केली, कुणाचा रुपया बुडवला नाही, आणि माझं नाव थकबाकीदारांच्या यादीत. शेजारची बाई गॅलरीतून बघत होती. हिने आतून खुर्ची आणून दिली, कारण माझे गुडघे गेलेत. मी त्या पोराला खुर्चीवर बसवलं, चहा पाजला आणि परत पाठवलं. तो सोमवारी पुन्हा येणार आहे. हे पत्र त्या सोमवारच्या आत तुमच्यापर्यंत पोचावं अशी नम्र विनंती.

झालं ते असं. २ एप्रिल २०२४ ला आमचा जुना मीटर काढून नवा बसवला. जुन्याचं शेवटचं रीडिंग आदल्याच दिवशी होऊन बिलात आलं होतं, त्यामुळे मागचा हिशेब चुकता. नव्याचं रीडिंग शून्य. एप्रिल गेला, मे गेला, बिल नाही. विचारलं तर कळलं, मीटर बदलल्याचा अहवाल संगणकात चढायचा आहे. तो चढेपर्यंत नव्या मीटरचा नंबर कुणाच्याच नावावर नसतो म्हणे. अखेर जुलैत बिल आलं. मागील रीडिंग ०, चालू रीडिंग ४५६, दिवस ९१. खाली रक्कम ६,६३० रुपये, आणि त्यात इंधन समायोजन आकार धरलेला नाही. तो वेगळा होता. या पत्रात मी तो बाजूला ठेवतो, नाहीतर माझंही डोकं फिरेल.

बिलाच्या कडेला मागच्या महिन्यांच्या वापराचे उभे पट्टे छापलेले असतात. आमच्या बिलात एप्रिल शून्य, मे शून्य, जून चारशे छप्पन्न. म्हणजे तुमच्या संगणकाच्या मते ऐन उन्हाळ्यात चार माणसं दोन महिने अंधारात बसली आणि तिसऱ्या महिन्यात दिवाळी केली.

आता स्लॅबचं सांगतो. तुम्हाला ठाऊक असणारच, पण मी सांगतो, कारण आमच्या गल्लीत अजून लोकांना वाटतं की एकशे एकावं युनिट जळलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं. तसं नाही. स्लॅब एसटीच्या टप्प्यासारखा असतो. पुढचा टप्पा लागला म्हणून मागच्या टप्प्याचं तिकीट बदलत नाही. वीज नियामक आयोगाने २०२४-२५ साठी घरगुती ग्राहकाला ठरवलेला वीज आकार पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि पुढे १६.६४ असा होता. प्रत्येक युनिट आपापल्या टप्प्यात बसतं. यावर प्रत्येक युनिटला १.१७ वहन आकार, महिन्याला १२८ स्थिर आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क होतं. म्हणजे शंभरावं युनिट हातात पडेपर्यंत पावणेसात रुपयांच्या थोडं वर जायचं आणि एकशे एकावं सव्वातेरा रुपयांचं व्हायचं. घड्याळाचा काटा एक घर सरकतो आणि वीज दुप्पट महाग होते. हे बरोबर की चूक, त्यावर पुढे बोलतो.

पण साहेब, हे टप्पे महिन्याचे आहेत. माझी सगळी तक्रार या एका शब्दात आहे. कंपनीने माझी ४५६ युनिटं एकाच महिन्याच्या टप्प्यांत कोंबली:

१०० × ४.७१ = ४७१.००
२०० × १०.२९ = २,०५८.००
१५६ × १४.५५ = २,२६९.८०
एकूण वीज आकार ४,७९८.८०

खरं काय व्हायला हवं होतं? तीन महिने, तर टप्पेही तिप्पट. पहिली १०० नव्हे, पहिली ३०० युनिटं स्वस्त दराने, आणि दुसरा टप्पा ९०० पर्यंत:

३०० × ४.७१ = १,४१३.००
१५६ × १०.२९ = १,६०५.२४
एकूण वीज आकार ३,०१८.२४

दुसऱ्या रीतीने पडताळून पाहा. महिन्याला १५२ युनिटं धरली तर १०० चे ४७१ आणि ५२ चे ५३५.०८, मिळून १,००६.०८. त्याची तिप्पट तेवढीच येते. फरक १,७८०.५६ चा, त्यावर १६ टक्के शुल्क २८४.८९, मिळून २,०६५ रुपये ४५ पैसे. आम्ही आयुष्यात कधी तिसऱ्या टप्प्याचं तोंड पाहिलं नाही आणि कंपनीने एकदम १५६ युनिटं तिथे नेऊन बसवली.

आणि खरी गंमत पुढे आहे. त्याच बिलात स्थिर आकार किती लावला असेल? ३८४ रुपये. म्हणजे १२८ गुणिले तीन! घेताना संगणकाला महिने तीन दिसले, टप्पे देताना एकच दिसला. अशी निवडक नजर माझी असती तर मला पहिल्याच तपासणीत घरी बसवलं असतं. आमच्या वे-बिलात आणि पेटीत दोन रुपयांचा फरक पडला तरी लेखी खुलासा द्यावा लागायचा. एकदा पाच रुपये कमी भरले म्हणून माझी चौकशी लागली. ते पाच रुपये शेवटी बॅगेच्या शिवणीत सापडले, पण तोवर वेतनवाढ गेली होती. असो. तो विषय वेगळा, आणि खातंही वेगळं.

मी उपविभागात चार वेळा गेलो. पहिल्यांदा खिडकीवरच्या मुलाने रीडिंगचा फोटो मागितला. दुसऱ्यांदा साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा साहेब भेटले, हिशेब पाहिला आणि माणूस प्रामाणिक म्हणून लगेच म्हणाले, "काका, तुमचं बरोबर आहे. बी-८० टाकतो, पुढच्या बिलात वजा होऊन येईल." बी-८० म्हणजे बिल दुरुस्तीचा कागद, एवढं मला आता कळतं. मी बाहेर येऊन वडापाव खाल्ला, इतका आनंद झाला. पुढचं बिल ऑगस्टमध्ये आलं. वजाबाकी नाही. उलट मागचे ६,६३० थकबाकी म्हणून आणि त्यावर सव्वा टक्का विलंब आकार, सुमारे त्र्याऐंशी रुपये. चुकीवरही दंड, आणि तोही आम्हालाच. चौथ्यांदा गेलो तेव्हा ते साहेब बदलून गेले होते.

मी पैसे बुडवायला निघालो नव्हतो. बरोबर येणारे ४,५६५ रुपये घेऊनच गेलो होतो. खिडकी म्हणाली, अर्धवट भरणा घ्यायला सही लागते, आणि सही करणारा नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये लिहिलंय की लाइन तोडायची तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस हवी. वाद असेल तर ग्राहकाने निषेध नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली कमी असेल ती भरली, तर वाद मिटेपर्यंत लाइन तोडता येत नाही. हे मला मुलाने वाचून दाखवलं. खिडकीवर कलम सांगितलं तर तो मुलगा म्हणाला, "काका, सिस्टिम घेत नाही." बरं, कायदा संसदेने केला, पण सिस्टिमने अजून मंजूर केलेला दिसत नाही.

आणि हे जमत नाही असंही नाही. लॉकडाऊननंतर जून २०२० मध्ये तीन महिन्यांची बिलं एकदम आली, तेव्हा टप्पे महिन्यांत वाटून दिलेत असं जाहीर सांगितलं गेलं होतं. त्याच वेळी सवलत देऊ असंही सरकार म्हणालं होतं, आणि नोव्हेंबरात तत्कालीन ऊर्जामंत्र्यांनी बिलं भरावीच लागतील म्हणून हात वर केले. आश्वासन कसं मोडतं हे खालच्या खिडक्या वरच्या खिडक्यांकडूनच शिकतात.

आमच्या गल्लीत बारा मीटर बदलले, त्यातल्या सात घरांची बिलं मी स्वतः मांडून पाहिली. सातही तशीच. राज्यात अशी लाखभर घरं असतील तर वीस कोटींच्या वर रक्कम झाली. लाखभर हा माझा अंदाज, खरा आकडा तुमच्याकडे असेल, छापा तो. सातांपैकी पाच जणांनी मुकाट्याने भरून टाकले. स्लॅब कोण मोजत बसतो?

आता मघाचा राहिलेला मुद्दा. तुमचा टप्पा माणसाला नाही, मीटरला आहे. पलीकडच्या आळीत आठ माणसांचं एकत्र घर आहे, एक चूल, एक मीटर, महिना ३०० युनिटं. त्या दराने त्यांचा वीज आकार २,५२९ रुपये. तेच घर फुटून तीन मीटर झाले आणि प्रत्येकी १०० युनिटं जळली तर १,४१३. दोन जादा मीटरचा स्थिर आकार २५६ धरला तरी वेगळं होण्यात फायदाच. भाऊ भाऊ वेगळे व्हायला आजवर जमीन आणि जावा पुरत होत्या, त्यात आता वीजबिलाची भर. एकटा माणूस एसी लावून ९० युनिटं जाळतो तो तुमच्या लेखी गरीब, आणि आठ जणांत एकेक पंखा वाटून घेणारे चैनी. ही रचना करणाऱ्यांनी एकत्र कुटुंबात एक उन्हाळा काढावा.

माझ्या मागण्या दोन. माझं बिल ९१ दिवसांच्या टप्प्यांनी पुन्हा काढा आणि विलंब आकार पुसा. आणि जिथे जिथे स्थिर आकार एकापेक्षा जास्त महिन्यांचा लागला आहे, ती सगळी बिलं संगणकातून काढून त्यांचे टप्पे तपासा. शोधायला सोपं आहे, १२८ च्या पटीत रक्कम दिसली की चोर तिथेच.

कळावे,
एक वीजग्राहक, निवृत्त वाहक

ता. क. उद्या गुरुवारी पाचव्यांदा जाणार आहे. बी-८० ची नोंद आवक रजिस्टरच्या कितव्या पानावर, कितव्या ओळीत आहे ते मी त्याच दिवशी तळहातावर लिहून घेतलं होतं, आणि घरी येऊन वहीत उतरवलं आहे. जुनी सवय.