नामानाला वेळेआधी बरं करू नकोस

आदरणीय मावशी,

सप्रेम जय ख्रिस्त.

तोंडावर आभार मानायला लागलो की तुम्ही चहा टाकायला उठता, म्हणून लिहितो आहे. आणि उघडपणे लिहितो आहे, कारण मुंबईच्या मराठी मंडळ्यांमध्ये माझ्यासारखे बरेचजण नोकरी सांभाळून महिन्यातून एखाद्या रविवारी वचन सांगतात. लालबागच्या तुमच्या खोलीत मला जे मिळालं, ते त्यांच्याही हाती लागावं असं मनापासून वाटतं.

जूनमधला तो रविवार तुम्हाला आठवत असेल. शास्त्रभाग होता २ राजे, अध्याय ५. अरामाचा सेनापती नामान, त्याचं कोड, संदेष्टा अलीशा आणि त्याने सात बुड्या मारायला सांगितलेली यार्देन नदी. मी नेहमीप्रमाणे तीन मुद्दे काढले होते: नम्रता, आज्ञापालन, साक्ष. सुरुवातीलाच सांगून टाकलं की आज आपण पाहणार आहोत, नामान नम्र झाला म्हणून बरा झाला. मग पहिल्या मुद्द्यासाठी अकराव्या वचनातला त्याचा राग घेतला, दुसऱ्यासाठी चौदाव्यातली बुडी, आणि तिसऱ्यासाठी उलटा मागे येऊन दुसऱ्या वचनातली कैदी मुलगी. भक्ती संपल्यावर सगळ्यांनी हात मिळवले, “छान झालं” म्हणाले. तुम्ही मात्र छत्री उघडता उघडता म्हणालात, “बाळा, नामानाला अजून यार्देनचं नावसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं, आणि तू त्याला पहिल्या मिनिटाला बरं करून टाकलंस. मग आम्ही पुढची पंचवीस मिनिटं कशाची वाट बघायची?”

मला ते लागलं. चार दिवसांनी मी तुमच्या दारात उभा राहिलो.

पुढचे चार मंगळवार तुम्ही मला एकच अध्याय वाचायला लावलात. कॅलेंडरची पाठकोरी पानं दिलीत आणि म्हणालात, एका प्रसंगाला एक पान. मुद्दा कुठेही लिहायचा नाही. प्रत्येक पानावर दोनच गोष्टी: इथे कोणाला काय ठाऊक आहे, आणि ऐकणाऱ्याला इथे कशाची काळजी लागली आहे. आठ पानं झाली. ती जमिनीवर ओळीने मांडली तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की या गोष्टीत मोठ्या माणसांना काहीच ठाऊक नाही. उपाय ठाऊक आहे तो घरातल्या कैदी पोरीला. ती म्हणते, शोमरोनात संदेष्टा आहे. पण अरामाचा राजा पत्र लिहितो ते दुसऱ्या राजाला, आणि त्यात संदेष्ट्याचा उल्लेखच नाही. इस्राएलाचा राजा पत्र वाचून कपडे फाडतो, त्याला वाटतं हा भांडणाचा बहाणा आहे. मुलीचा साधा निरोप दोन दरबारांतून जाताना पार बदलून गेला. तीन मुद्द्यांच्या माझ्या संदेशात राजाचं पत्र आलंच नव्हतं, कारण ते कुठल्याच मुद्द्यात बसत नव्हतं.

दुसऱ्या मंगळवारी आपण फक्त पहिल्या वचनावर बसलो. मराठीत वाचताना तिथे “पण” येतो: शूर वीर होता, पण कोडी होता. निवृत्त पाळकसाहेबांना विचारायला तुम्हीच मला पाठवलंत. त्यांनी सांगितलं की मूळ इब्रीत तो “पण” नाही. सेनापती, धन्याच्या मर्जीतला, मानाचा, ज्याच्या हातून अरामाला जय मिळाला असा, शूर वीर, आणि त्याच ओळीत शेवटचा शब्द: कोडी. बस्स. तुम्ही मला ते वाक्य मोठ्याने वाचायला लावलंत, एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा, आणि शेवटच्या शब्दाआधी श्वास घ्यायला लावलात. सगळ्या संदेशाची घडी त्या एका शब्दाने विस्कटते, हे मला तेव्हा कानाने कळलं.

नंतर वाचनात यूजीन लोरी या अमेरिकन अध्यापकाची मांडणी आली. १९८० साली त्यांनी संदेशाला आराखड्याऐवजी कथानकाचे पाच टप्पे सुचवले: आधी घडी विस्कटते, मग ती का विस्कटली याचा शोध, मग सुगावा लागतो, मग सुवार्ता अनुभवाला येते, आणि शेवटी आता पुढे काय. दुसऱ्या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्यावा, घाईने उत्तराकडे पळू नये, हे वाचलं आणि मला तुमची खोली आठवली. तुम्ही हे नाव कधी घेतलं नव्हतं. संडे स्कूलच्या पोरांना इतकी वर्षं गोष्टी सांगून तुम्ही तिथे पोचला होतात.

एक गोष्ट मी तुमच्याशी वाद घालून शिकलो. मी म्हणालो होतो, हे तर आपल्या कीर्तनासारखंच झालं. रेव्हरंड टिळकांनीही ख्रिस्ती कीर्तनाचा मार्ग धरलाच होता. तुम्ही मान हलवलीत. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात आधी सिद्धांत मांडतात आणि उत्तररंगात आख्यान लावून तो पटवतात. तिथे मुद्दा आधी, गोष्ट नंतर. “आपल्याला उलटं करायचंय,” तुम्ही म्हणालात. “कीर्तनकाराकडून घ्यायचं ते आख्यानातलं थांबणं.” हा फरक मला कुणी इतका स्वच्छ सांगितला नव्हता.

आणि मग तुमची सगळ्यात कडक शिकवण. मी उत्साहात मुलीला नाव दिलं, आई-वडिलांची आठवण काढून तिला रडवलं, नामानाच्या बायकोच्या तोंडी चार वाक्यं घातली. तुम्ही पान हातात घेऊन आडव्या रेघा मारल्यात. ती का मदत करते, हे शास्त्र सांगत नाही. “जिथे शास्त्र गप्प आहे तिथे तूही गप्प बस. ती शांतताच ऐकणाऱ्याला विचार करायला लावते.” वेगाचंही तसंच. मी सात बुड्या एकेक करून मोजल्या होत्या, प्रत्येक बुडीनंतर हात तपासला होता. तुम्ही दाखवलंत की शास्त्र त्या बुड्या एका वाक्यात उरकतं, पण सामानाची यादी आणि नामानाचा राग सविस्तर देतं. जिथे ते रेंगाळतं तिथे आपण रेंगाळायचं. म्हणून मी सामानावर थांबलो: दहा किक्कार रुपं म्हणजे आपल्या मापात सुमारे ३४० किलो, सहा हजार शेकेल सोनं म्हणजे जवळजवळ ६८ किलो, आणि वर दहा पोशाख. एवढं घेऊन माणूस अलीशाच्या दारात रथ उभा करतो, आणि अलीशा बाहेरही येत नाही. निरोप्या पाठवतो.

रागाचं पान तर मी तुमच्यासमोर कितीदा वाचलं असेल. “मला वाटलं होतं, तो बाहेर येईल, उभा राहील, आपल्या देवाचं नाव घेईल, रोगाच्या जागेवर हात फिरवेल.” वाचता वाचता मीच थांबलो. नामानाकडेही तयार आराखडा होता, क्रमवार, मुद्द्यांसकट. त्याला बरं व्हायचं होतं, पण त्याच क्रमाने. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त माझ्याकडे पाहिलंत. मला माझे जूनमधले तीन मुद्दे आठवले.

तरी पहिल्या सरावाला मी शेवटी घसरलोच. बुडी झाली, अंग साफ झालं, आणि मी लगेच “तर यातून आपण तीन गोष्टी शिकतो” म्हणून जुने मुद्दे मागच्या दाराने आत आणले. तुम्ही ओळखण्याची खूण सांगितलीत: गोष्ट संपल्यावर लोक घड्याळ बघू लागले की समजावं, आपण त्यांना कळलेलं पुन्हा सांगतोय.

ऑगस्टमध्ये पाळकसाहेबांनी तोच अध्याय पुन्हा घ्यायला परवानगी दिली. तुम्ही तिसऱ्या बाकावर होतात. मी आठही पानं क्रमाने सांगितली. चौदाव्या वचनाशी आलो: त्याचं अंग लहान मुलाच्या अंगासारखं झालं. पाळकसाहेबांनी दाखवलं होतं की इब्रीत इथले दोन शब्द दुसऱ्या वचनातल्या “लहान मुलगी” याच शब्दांचं पुल्लिंगी रूप आहेत. हे मी सांगायचं ठरवलं होतं. पण तुमचं ऐकून मी फक्त वचन पुन्हा वाचलं, “लहान मुलाच्या” यावर किंचित थांबलो, आणि पुलपिटवरून हात काढला. दोन-तीन सेकंद काही नाही. मग बायकांच्या बाजूने कुणीतरी हळूच म्हणालं, “ती मुलगी.” नंतर अजून एक. मी तेवढंच म्हणालो, “हो. तिच्यासारखा.” आणि मग इब्री शब्दांचं दोन वाक्यांत सांगितलं, कारण आता ते ऐकायला सगळे थांबले होते. पुढच्याच वचनात नामान माघारी फिरतो तेव्हा जे क्रियापद येतं, तेच त्याचं अंग पूर्ववत होताना आलंय, हेही तिथेच सांगता आलं. सुवार्ता कुठे आहे ते मला बोट करून दाखवावं लागलं नाही.

सोमवारी तुम्ही चाळीतल्या नववीतल्या पोराला गोष्ट सांगायला लावलीत आणि मला फोनवर ऐकवलंत. त्याने राजाचं पत्र सांगितलं, चाकरांचं “बाबा” म्हणणं सांगितलं, आणि शेवटी स्वतःहून म्हणाला, मोठ्यांना ठाऊक नव्हतं, लहानांना होतं. “नम्रता” हा शब्द त्याने उच्चारला नाही. मावशी, त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून तुमचे आभार मानायचे राहून गेले, ते आज मानतो.

तुम्ही मला मर्यादाही सांगितलीत, आणि ती मी पाळतो आहे. रोमकरांसच्या पत्रात पौल युक्तिवाद करतो, तिथे ओढूनताणून कथानक लावलं की त्याचं “म्हणून” आणि “कारण” हरवतं. तिथे मी अजूनही मुद्दे मांडतो, त्याच्याच क्रमाने.

पुढच्या महिन्यात माझ्याकडे योना आहे. सात पानं झाली आहेत. आठव्यावर अडलोय, कारण ते पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं, योनाचं उत्तर येतच नाही, आणि मला सारखं त्याच्या वतीने उत्तर द्यावंसं वाटतंय. मंगळवारी सातला येतो. कॅलेंडरची पानं मीच आणतो.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा जिना चढणारा मुलगा