न्हाणीतल्या ओलीविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

न्हाणीच्या कोपऱ्यात उड्या मारणारे जे बारीक करडे जीव आईला पिसवा वाटले, त्या पिसवा नाहीत. पिसू टणक असते व चावते. हे जीव बोट लावताच चिरडतात आणि चावत नाहीत. त्यांना स्प्रिंगटेल म्हणतात. पोटाखाली दुमडलेला काटा झटक्यात सुटतो, म्हणून ते उडतात, आणि ओलीवर धरलेली बुरशी हे त्यांचे मुख्य खाद्य. चौकटीखाली सापडलेले, हात लागताच गोळी होणारे किडे म्हणजे वुडलाइस. ते झिंगे-खेकड्यांच्या कुळातले असून त्यांची श्वसनेंद्रिये सतत ओलसर राहावी लागतात. कोरड्या हवेत दोघांच्याही अंगातले पाणी लवकर उडून जाते, त्यामुळे जिथे ओल टिकते तिथेच ते टिकतात.

बाबा, कपाशीवरचे फवारणीचे औषध न्हाणीत मुळीच मारू नका. बंद जागेत ते तुमच्याच श्वासात जाईल, आणि 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय झाले ते आपण विसरलेलो नाही. शिवाय दिसणारे किडे मेले, तरी बुरशी आणि ओल असेपर्यंत भेगांतून नवे येतच राहतील.

ओल कुठून येते ते आधी पाहावे लागेल. भिंत कापडाने कोरडी पुसून फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब असतील, तर भिंतीतच पाणी मुरते आहे. थेंब फक्त बाहेरून असतील, तर दोष न्हाणीतल्या दमट हवेचा. माझा संशय मात्र फरशीच्या उतारावर आहे, कारण मोरीकडे न जाता त्या कोपऱ्यात पाणी साचलेले मी नेहमी पाहतो, आणि त्याच भिंतीला बाहेरून पऱ्हाटीचा ढीग टेकलेला आहे.

तो ढीग भिंतीपासून दोन-तीन फूट दूर हलवून घ्या, कारण कुजणारी काडी हेच वुडलाइसचे खाद्य. गळक्या नळाचे वायसर बदला. शेवटची आंघोळ झाली की खराट्याने पाणी मोरीकडे लोटून कोपरा कापडाने पुसा आणि बादल्या उपड्या ठेवा. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्याने नुसती खिडकी उघडून भागणार नाही. दाराबाहेर कोरड्या जागी टेबलफॅन ठेवून तास-दोन तास वारा आत सोडा, मात्र त्याची वायर ओल्या फरशीवर येऊ देऊ नका.

एवढे केल्यावर पंधरवड्यात किडे स्पष्टपणे कमी व्हायला हवेत. तसे झाले नाही, तर भिंतीतला पाइप पाझरत असावा आणि मग नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलवावेच लागेल. उन्हाळ्यात ते आपोआप नाहीसे होतील, पण ती करणी आपल्याकडच्या उन्हाची असेल. उतार तसाच राहिला, तर मृगाच्या पावसानंतर ते पुन्हा दिसतील. म्हणून दिवाळीत मी आल्यावर कोपऱ्यात सिमेंटचा नवा उतार करून घेऊ. तोवर चौकटीचा खालचा भाग पेचकसाने दाबून पाहा. टोक सहज आत शिरले, तर तेही लाकूड बदलावे लागेल.

आपला,
प्रशांत